«प्रोप्रायटरी ब्लेंड १,५०० मि.ग्रॅ.»: अण्णांच्या झोपेच्या डब्याचं प्रकरण

आमचं मेडिकलचं दुकान सांगलीत, विश्रामबागेकडे. अण्णा आमचे जुने गिऱ्हाईक. वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, दीड वर्षापूर्वी पत्नी गेली. त्यांच्या दोनच गोळ्या नेहमीच्या. रक्तदाबाची, म्हणजे टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ एकत्र असलेली, आणि आठ महिन्यांपासून नैराश्यावरची एस्सिटॅलोप्राम १० मि.ग्रॅ. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास येऊन घेऊन जातात.

यंदा सात जुलैला सकाळी ते आले नाहीत, त्यांची मुलगी आली. हातात कापडी पिशवी. अण्णा आदल्या रात्री साडेतीनच्या सुमाराला न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण भुवईवर दोन टाके पडले. ताईंची तक्रार वेगळीच होती. गेले दहा-बारा दिवस ते सकाळी अकरापर्यंत गुंगीत असतात, पेपर हातात धरला की थरथरतो, रात्री बनियन घामानं भिजते आणि पोट बिघडलेलं आहे. "वय झालं म्हणायचं, दुसरं काय," असं शेजाऱ्यांनी सांगून टाकलं होतं. दुपारी डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, त्याआधी फक्त विचारायला म्हणून त्या आल्या होत्या.

एखादा त्रास दहा-बारा दिवसांपूर्वी सुरू झाला असेल, तर मी वय बाजूला ठेवतो आणि दहा-बारा दिवसांपूर्वी घरात काय नवीन आलं ते विचारतो. उत्तर पिशवीतच होतं. मुलगा न्यू जर्सीहून मे महिन्यात येऊन गेला होता. वडिलांना झोप येत नाही म्हणून त्यानं गमीची बाटली आणि झोपेच्या पावडरीचा डबा आणला होता. "औषध नाहीये ते, सप्लिमेंट आहे, तिकडे किराणा दुकानात मिळतं," असं सांगून तो गेला. ते खरंच होतं आणि सगळी गोम त्यातच होती. अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार असली उत्पादनं अन्नाच्या खात्यात मोडतात. बाजारात येण्याआधी त्यांचा परिणाम किंवा मात्रा सरकार तपासून बघत नाही.

आधी बाटली घेतली. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक, १० मि.ग्रॅ. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रति सर्व्हिंग'. मागच्या चौकटीत सर्व्हिंग म्हणजे दोन गमी. म्हणजे एका गमीत पाच. ताई म्हणाल्या, अण्णा रोज दोनच घेतात. मी तोंडी हिशेबावर विसंबत नाही. माणसं खोटं बोलतात असं नाही, पण रात्री दोन वाजता काय केलं ते सकाळी आठवत नाही. बाटली ९० गमींची, फोडली १२ जूनला, ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं (बँकेची सवय). काउंटरवर कागद पसरून आम्ही गमी मोजल्या. उरल्या होत्या २२. पंचवीस रात्रींत ६८ गेल्या. रोज दोनच घेतल्या असत्या तर पन्नास गेल्या असत्या. वरच्या अठरा कुठे गेल्या? ताईंनी तिथूनच अण्णांना फोन लावला. "जाग आली तर एखादी घेतो तोंडात, लिमलेटसारखी," असं ते अगदी सहज म्हणाले. पडले त्या रात्री अडीचला घेतली होती.

अडीचला घेतलेली गमी साडेतीनला रक्तात भरात असते, कारण साधं मेलाटोनिन पोटात गेल्यावर तासाभरात शिखर गाठतं. नंतर तरुण माणसात ते भराभर उतरतं, दर पाऊण तासाला साधारण निम्मं. म्हाताऱ्या माणसात, आणि मात्रा मोठी असेल तर, ते रेंगाळतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये पन्नाशीपुढच्या निद्रानाशाच्या रुग्णांवर मात्रा तपासल्या. ०.३ मि.ग्रॅ.ची मात्रा कामाला पुरली, आणि ३ मि.ग्रॅ. दिल्यावर शरीराचं तापमान उतरलं आणि दिवस उजाडला तरी रक्तातलं मेलाटोनिन चढंच राहिलं. युरोपात पंचावन्नच्या वरच्यांसाठी मेलाटोनिनचं जे मान्य औषध आहे, ते २ मि.ग्रॅ.चं, हळूहळू सुटणारं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. अण्णा दहा घेत होते, बहुतेक रात्री पंधरा. दहा हा आकडा बाटलीवर शोभतो म्हणून लोकांना तो नेहमीचा वाटतो.

आणि हे पंधरा लेबलवरचे. गमीत प्रत्यक्षात किती असतं हा वेगळा प्रश्न. २०२३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या मेलाटोनिन गमींची तपासणी छापून आली. २५ उत्पादनांपैकी फक्त तीन लेबलच्या आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे होती. बाकीच्यांत लेबलच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत मेलाटोनिन सापडलं. एका बाटलीत तर ते सापडलंच नाही, त्याऐवजी भांगेच्या झाडातलं सीबीडी निघालं, ३१.३ मि.ग्रॅ. अण्णांची बाटली त्या पंचवीसांत होती की नव्हती ते मी सांगू शकत नाही. पण ताईंना मी हिशेब करून दाखवला: तीन गमी म्हणजे लेबलप्रमाणे १५, त्या तपासणीतल्या वाईट टोकाला ५० च्या वर. यात दर वेळी लबाडी असते असंही नाही. मेलाटोनिन साठवणुकीत विरतं, म्हणून मुदत संपेपर्यंत लेबलचा आकडा टिकावा यासाठी कारखाने मुद्दाम जास्तीचं घालतात. गमी हा प्रकारच त्यात ओलसर, गरम पाकात ओतलेला. गोळीसारखी त्याची मात्रा धरून ठेवणं अवघड.

बाटलीवर एक गोल शिक्का होता, 'जीएमपी'. ताईंना तो दर्जाचा वाटला. तो कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे. या बाटलीतलं मेलाटोनिन कोणी मोजलं असं त्यातून कळत नाही. यूएसपी किंवा एनएसएफचा पडताळणीचा शिक्का असता तर बाहेरच्या कोणीतरी आतला माल तपासला आहे असं धरता आलं असतं. इथे तो नव्हता.

तरीही एकट्या गमीनं मला गुंगी आणि पडणं समजत होतं. थरथर, घाम आणि पोट त्यात बसत नव्हतं. गमी तर १२ जूनपासून चालू होत्या, हा त्रास सुरू झाला २६ च्या पुढे. तेव्हा काय सुरू झालं? पावडर. गमी पुरेना म्हणून अण्णांनी डबा फोडला होता.

डब्यावर दर्शनी बाजूला चंद्र, लव्हेंडरची फुलं आणि 'कृत्रिम मेलाटोनिन नाही'. मागे दोनच ओळींत सगळं आटपलं होतं. पहिली ओळ: मॅग्नेशियम (ग्लायसिनेटच्या रूपात) १०० मि.ग्रॅ., रोजच्या गरजेच्या २४ टक्के. दुसरी: रेस्टफुल नाइट प्रोप्रायटरी ब्लेंड, १,५०० मि.ग्रॅ. त्याखाली नावं: एल-थिअनिन, व्हॅलेरियन मूळ अर्क, ग्रिफोनिया सिम्प्लिसिफोलिया बी अर्क, गाबा, टार्ट चेरी अर्क (फायटोमेलाटोनिन). कोणापुढेही आकडा नाही.

मॅग्नेशियमचा आकडा आहे आणि बाकीच्यांचा नाही, याचं कारण साधं आहे. ज्या घटकांची रोजची गरज ठरलेली आहे त्यांचं प्रमाण लिहावंच लागतं. ज्यांची ठरलेली नाही, त्यांची मोट बांधून एकच वजन लिहिलं तरी अमेरिकी नियमात चालतं. अट एवढीच, की मोटेतली नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं असावीत.

या अटीतून थोडंफार काढता येतं, आणि ते मी काउंटरवर येणाऱ्या कोणालाही शिकवतो. तिसऱ्या क्रमांकाचा घटक जास्तीत जास्त किती असू शकेल? त्याच्या वरचे दोघं त्याच्याइतके तरी असलेच पाहिजेत. म्हणजे एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, ५०० मि.ग्रॅ., ही त्याची कमाल. पाचव्याची कमाल पाचवा हिस्सा, ३००. किमान मात्र पहिल्याशिवाय कोणाचीच काढता येत नाही. थिअनिन १,४९० आणि बाकी सगळे चिमूटभर, असंही लेबल कायद्यात बसतं. म्हणजे ग्रिफोनिया शून्याच्या जवळपास ते ५०० च्या मध्ये कुठेही. डोस म्हणून हे उत्तर निकामी आहे. पण वरची मर्यादा कळली, तर घाबरायचं किती ते तरी ठरतं.

ग्रिफोनियावर माझं बोट थांबलं, कारण हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका झुडपाचं बी आहे आणि ते पावडरीत घालतात ते ५-एचटीपीसाठी. डब्यावर ५-एचटीपी हे नाव कुठेही नाही. शरीरात त्याचं थेट सेरोटोनिन होतं, म्हणजे मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारं रसायन. अण्णांचं एस्सिटॅलोप्राम सेरोटोनिनची परतीची वाट अडवतं, म्हणून ते साचून राहतं. एकीकडून नळ सोडायचा आणि दुसरीकडून मोरीला बोळा लावायचा, तसं झालं. अशा वेळी सुरुवातीला दिसतं ते हेच: हाताची थरथर, घाम, पातळ शौच, अस्वस्थपणा. पुढे गेलं तर ताप, स्नायू ताठरणं, घोटा झटके देणं, आणि मग रुग्णालय. अर्काची तीव्रताही छापलेली नव्हती. साधा अर्क असेल तर ५-एचटीपी थोडं, शुद्ध केलेला असेल तर जवळजवळ सगळंच.

मग मात्रेचा प्रश्न. सर्व्हिंग म्हणजे सपाट भरलेला एक स्कूप, ६ ग्रॅम. स्कूप कुठे आहे? "तो सापडलाच नाही, पावडरीत खाली गेला असेल. अण्णा चमच्यानं घालतात, दुधात." कुठल्या चमच्यानं? ताईंना नेमकं माहीत होतं, पोहे खायच्या. दुकानात पोह्याचा चमचा नव्हता, शेजारच्या हॉटेलातून आणला. अण्णा भरतात तसा शिगोशीग भरून छोट्या काट्यावर ठेवला. ११ ग्रॅम. अकरा रात्री अकरा ग्रॅम म्हणजे १२१ ग्रॅम. डबा १८० चा, आणि उरलेली पावडर मोजली तर साठाच्या आतबाहेर निघाली. तीस दिवसांच्या डब्यातल्या वीस मात्रा अकरा दिवसांत संपल्या होत्या. ब्लेंड १,५०० नव्हे, २,७५० जात होतं, ग्रिफोनियाची कमाल ९०० च्या पुढे. स्कूप तळाशीच होता, प्लास्टिकचा, पांढरा. अशा मिश्र भुकट्या डब्यात एकजीव राहतातच असं नाही. हलवाहलवीत बारीक कण खाली बसतात, म्हणून वरच्या चमच्यात आणि तळच्या चमच्यात फरक पडू शकतो.

आता शेवटचं नाव, टार्ट चेरी (फायटोमेलाटोनिन). दर्शनी बाजूवरचं वाक्य पुन्हा वाचा: 'कृत्रिम' मेलाटोनिन नाही. वनस्पतीतून काढलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. रेणू तोच. आंबट चेरीत मेलाटोनिन असतं हे खरं आहे. माँटमोरेन्सी जातीत ग्रॅमला साधारण १३ नॅनोग्रॅम मोजलेलं आहे. त्या हिशेबानं एक मिलिग्रॅमला पंचाहत्तर किलोच्या घरात चेरी लागतील. तेव्हा डब्यावर चेरीपुढे फायटोमेलाटोनिन लिहिलं असेल, तर एक तर ते नावापुरतं आहे, नाहीतर चेरीखेरीज कुठूनतरी ते घातलेलं आहे. कुठलं खरं, हे लेबल सांगत नाही. मेलाटोनिन टाळायचं असेल त्यानं लेबलवर एवढ्यावर नजर टाकावी: फायटोमेलाटोनिन, वनस्पतिजन्य मेलाटोनिन, आणि रसायनशास्त्रातलं लांबलचक एन-ॲसिटिल-५-मेथॉक्सीट्रिप्टामिन. तिन्ही एकच.

व्हॅलेरियन म्हणजे आपल्या तगराचा परदेशी भाऊबंद. त्यानं पेंग येते, आणि अण्णांच्या सकाळच्या गुंगीत त्याचा वाटा किती, गमीचा किती, हे या लेबलवरून वेगळं काढणं अशक्य आहे.

ताईंनी मग एक प्रश्न विचारला जो हल्ली बरेच जण विचारतात: "यात झोपेची गोळी मिसळलेली असेल का हो?" असं घडलेलं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'स्लीपिंग बुद्धा' नावाच्या नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनाबद्दल इशारा दिला होता. त्यात एस्टाझोलाम निघालं होतं, म्हणजे अल्प्राझोलामच्याच घराण्यातलं, चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध. पण इथे मला तशी शंका आली नाही. भेसळीच्या मालाची लक्षणं वेगळी असतात. जडीबुटी म्हणून घेतलेली वस्तू वीस-पंचवीस मिनिटांत माणसाला आडवं करते. रात्री उठून केलेलं काही सकाळी अजिबात आठवत नाही. आणि बंद केल्यावर दोन-तीन रात्री टक्क जागरण, छातीत धडधड. अण्णांना तर ही पावडर "काही उपयोगाची नाही" असं वाटत होतं, म्हणूनच ते शिगोशीग चमचा भरत होते. वेष्टनावर बनवणाऱ्याचा पत्ता, लॉट क्रमांक आणि मुदत होती. ज्या पुडीवर हे तीनही नसतं आणि जी पहिल्याच रात्री कमाल करते, तिच्याबद्दल मी दुकानातूनच माणसाला डॉक्टरकडे पिटाळतो. आणि ती पुडी फेकू देत नाही, सोबत न्यायला सांगतो.

चिठ्ठीवर मी चार ओळी लिहून दिल्या: एस्सिटॅलोप्राम चालू, २६ जूनपासून ग्रिफोनिया असलेली पावडर रोज ११ ग्रॅम, मेलाटोनिन लेबलप्रमाणे १० ते १५ मि.ग्रॅ., थरथर, घाम आणि पातळ शौच पावडरीनंतर. पावडर आजपासून बंद करा, गमीही, पण एस्सिटॅलोप्राम स्वतःच्या मनानं थांबवू नका, हे ताईंना दोनदा सांगितलं. ताप आला, हातपाय ताठले किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर दुपारच्या वेळेची वाट न बघता सरळ रुग्णालयात.

दुपारी डॉक्टरांनी तपासलं. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जरा जोरकस होती, घोट्याला झटके नव्हते, ताप नव्हता. सौम्य आहे, दोन दिवस लक्ष ठेवा, असं म्हणाले. क्रिएटिनिन आणि सोडियम तपासायला दिलं, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे जातं, आणि अण्णांच्या दोन्ही गोळ्या या वयात सोडियम उतरवू शकतात. दोन्ही ठीक निघालं. थरथर आणि घाम तीन दिवसांत गेले, पोट त्याच्याही आधी. पोटाचं खापर डॉक्टरांनी ग्रिफोनियावर फोडलं नाही. जवळजवळ दुप्पट मॅग्नेशियमनंही तेवढं होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. आकडे नसलेल्या डब्यातून यापेक्षा नेमकं उत्तर निघत नाही. ताईंच्या भावानं न्यू जर्सीहून कंपनीला मेल टाकून ५-एचटीपी किती आहे ते विचारलं. हे आमचं खास सूत्र आहे, सांगता येत नाही, असं उत्तर आलं. सोबत तपासणी अहवाल म्हणून जोडलेला कागद दुसऱ्याच लॉटचा होता, आणि त्यात जड धातू नि जंतू तपासलेले होते. घटकांचं प्रमाण नव्हतंच.

राहिला मूळ प्रश्न. अण्णांना अडीचला जाग का येते? डॉक्टरांनी गोळ्या कधी घेता ते विचारलं. दोन्ही रात्री जेवणानंतर, विसरायला नको म्हणून. रक्तदाबाच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध. ते रात्री घेतलं की मध्यरात्री उठणं आलंच. एस्सिटॅलोप्रामनंही काहींची झोप उडते. दोन्ही गोळ्या सकाळच्या नाश्त्यावर आणल्या. दोन आठवड्यांनी अण्णा स्वतः दुकानात आले, टाके निघालेले. बहुतेक रात्री साडेचार-पाचपर्यंत झोपतात म्हणाले. दुपारची एक डुलकी मात्र सोडायला तयार नाहीत.

जाता जाता त्यांनी आपल्याकडच्या कंपनीची गमीची डबी दाखवली, पुतण्यानं ऑनलाइन मागवलेली. चष्मा वर करून स्वतःच वाचत होते. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे, 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलंय, सर्व्हिंग एक गमी, मेलाटोनिन पाच, असं त्यांनी मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "अरे, यात तगर, ब्राह्मी, कॅमोमाइल यांची एकच बेरीज दिलीय बघ, ३०० मि.ग्रॅ. तगर दुसरं आहे. म्हणजे जास्तीत जास्त दीडशे." मी मान डोलावली. तो चौदा आकडी क्रमांक परवान्याचा, गमीत पाचच मि.ग्रॅ. आहे का हे त्यावरून कळत नाही, एवढं मी जोडलं.

डबी त्यांनी पिशवीत परत ठेवली, पुतण्याला द्यायला. अमेरिकेतली बाटली मात्र अजून घरात आहे, २२ गमींची. ती फ्रिजच्या दारात, चॉकलेटशेजारी होती, आणि सुट्टीत नातू येणार आहे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांच्या पोटात मेलाटोनिन गेल्याच्या नोंदी २०१२ ते २०२१ या काळात ५३० टक्क्यांनी वाढल्या. हे सांगितल्यावर अण्णांनी दुकानातूनच ताईंना फोन लावला आणि बाटली कपाटात, वरच्या कप्प्यात, कुलपात ठेवायला लावली.